बत्तीस हजार फॉलोअर्स, आणि रेझ्युमेत त्यांचे काय करायचे?

घरच्या जेवणाचे इन्स्टाग्राम पेज चालवणाऱ्या आणि नवी नोकरी शोधणाऱ्या एका बाईचे हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहिते आहे. तिचे आणि पेजचे नाव गाळले आहे, कंपन्यांचीही नावे नाहीत. आकडे थोडे गोल केले आहेत, पण त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण मूळचेच आहे. मी पंधराएक वर्षे आधी एजन्सीत आणि मग कंपनीच्या बाजूने ब्रँड कम्युनिकेशनचे काम केले. त्यात रेझ्युमे वाचण्याचा वाटा मोठा होता, म्हणून एका मैत्रिणीने तिला माझ्याकडे पाठवले.

पार्श्वभूमी

ती मूळची नाशिकची, लग्नानंतर पुण्यात आली. एका विमा कंपनीच्या ग्राहक सेवा विभागात सहा वर्षे नोकरी. दिवसभर फोनवर लोकांना दावा का अडकला हे समजावून सांगायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिने इन्स्टाग्रामवर घरच्या जेवणाचे पेज सुरू केले. ऑफिस पुन्हा सुरू झाल्यावर पेज आपोआप डब्याकडे वळले: सकाळी साडेसहाला काय होईल, कोणती भाजी दुपारपर्यंत पाणी सोडत नाही, कोणत्या डब्याचे झाकण बॅगेत दगा देते. सगळे मराठीत, आवाज तिचा, हातही तिचेच. चेहरा क्वचित.

२०२५ च्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली तेव्हा पेजवर बत्तीस हजार फॉलोअर्स होते. तिला ब्रँड कम्युनिकेशनमध्ये जायचे होते, शक्यतो खाद्यपदार्थांच्या एखाद्या कंपनीत. तिने तेवीस ठिकाणी अर्ज केले होते. दोन फोन आले, त्यातला एक मुलाखतीपर्यंत गेला.

अडचण

रेझ्युमेच्या अगदी वरच्या ओळी अशा होत्या (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत देते): ‘३२,००० फॉलोअर्स असलेल्या लोकप्रिय फूड पेजची संस्थापक. एका रीलची रीच ६ लाख. सर्जनशील आशयनिर्मिती आणि ब्रँड सहकार्याचा अनुभव.’ त्याखाली विमा कंपनीची सहा वर्षे दोन ओळींत उरकलेली.

जी एक मुलाखत झाली, तिच्यात समोरच्या बाईंनी विचारले, “सहा लाखांची ती रील कशाबद्दल होती?”

कुकरबद्दल होती. शिट्टी उडून डाळ भिंतभर पसरली आणि हिने ओट्यावर टेकवलेला फोन चालूच होता. बावीस सेकंदांच्या त्या रीलमध्ये एक शब्द नव्हता, म्हणूनच ती मराठी न कळणाऱ्यांपर्यंतही गेली. बारा दिवसांत आठ हजार नवे फॉलोअर्स आले. मुलाखतीत पुढचा प्रश्न आला, “मग त्यात तुम्ही काय ठरवलं होतं?” ती म्हणाली, काहीच नाही, ती चुकून झाली. खरे बोलली, पण मुलाखत तिथेच संपल्यासारखी झाली.

मला यात त्या बाईंची चूक दिसत नाही. ब्रँड कम्युनिकेशनच्या माणसाला दुसऱ्याच्या आवाजात बोलावे लागते. कोणाशी बोलायचे ते ठरवायचे, वरून मंजुरी घ्यायची, चुकले तर सावरायचे आणि शेवटी खर्च करणाऱ्याला हिशेब द्यायचा. फॉलोअर्सचा आकडा यातल्या एकाही गोष्टीबद्दल काही सांगत नाही. तो विकतही मिळतो, आणि रेझ्युमे वाचणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असते. त्यामुळे मोठा आकडा सगळ्यात वर दिसला की वाचणारा आधी शंका घेतो.

समोर असलेले पर्याय

आम्ही पहिल्या बैठकीत चार पर्याय मांडले. पेजचा उल्लेखच काढून टाकायचा आणि ग्राहक सेवेच्या अनुभवावर भर द्यायचा, हा तिच्या नवऱ्याने सुचवलेला. नोकरीत असताना बाहेर काही करते हे दिसायला नको, अशी त्याला धास्ती होती. दुसरा, पेज ‘छंद’ या सदरात शेवटी टाकायचे. पण छंदाच्या ओळीतला पुरावा कोणी पुरावा म्हणून वाचत नाही, म्हणून तो लगेच बाद झाला. तिसरा, पदनाम फुगवायचे. ‘संस्थापक आणि कंटेंट हेड’ असे लिहिणारे पुष्कळ आहेत. एकट्याने चालवलेल्या पेजला ‘हेड’ लावले की समोरचा विचारतो, टीममध्ये किती जण? आणि मग हसे होते.

चौथा पर्याय वेळखाऊ होता. पेजवरच्या कामातून तीनच प्रसंग निवडायचे. प्रत्येकात तिने काहीतरी ठरवलेले असावे, त्याचा परिणाम मोजता यावा आणि तिच्याशिवाय आणखी कोणाला तरी तो पडताळता यावा. या चाळणीतून जे निसटेल ते रेझ्युमेत येणार नाही. सहा लाखांची रील पहिल्याच अटीवर निसटत होती.

ते तिला पटेना. “ताई, माझ्याकडे मोठं असं तेवढंच आहे,” ती म्हणाली. मी म्हटले, “ते ठेवलंस तर प्रत्येक मुलाखत कुकरपासून सुरू होईल.” दोन दिवसांनी तिचा मेसेज आला: काढते.

आकडे गोळा करताना

इथे तीन आठवडे गेले, आणि माझ्या मते खरे काम इथेच झाले.

इन्स्टाग्रामच्या ॲपमध्ये संपूर्ण खात्याचा आढावा फक्त मागच्या नव्वद दिवसांपर्यंतचा दिसत होता. म्हणजे ‘गेल्या वर्षी काय झाले’ हे एका पडद्यावर मिळणार नव्हते. पण खाते प्रोफेशनल असेल तर प्रत्येक पोस्टचे स्वतःचे आकडे, म्हणजे इनसाइट्स, त्या पोस्टखाली पाहता येतात. तिने खाते जानेवारी २०२२ मध्ये प्रोफेशनल केले होते, त्यामुळे त्याआधीच्या पोस्टचा हिशेब कायमचा गेला. आम्ही एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ हे एकच वर्ष घेतले. त्यात अठ्ठेचाळीस पोस्ट होत्या. तिने एकेक उघडून तारीख, विषय, रील की एकामागून एक सरकवायच्या चित्रांचे कॅरोसेल, रीच, सेव्ह, शेअर आणि कमेंट हे सगळे शीटमध्ये उतरवले. दोन रविवार लागले.

‘व्ह्यूज’ हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये सगळ्या प्रकारच्या पोस्टसाठी व्ह्यूज हा मुख्य आकडा केला. आधी रीलला प्लेज आणि फोटोला इम्प्रेशन्स दाखवले जात. आमचे वर्ष नेमके त्या बदलावरून जात होते. शिवाय एकाच माणसाने तीनदा पाहिले तर व्ह्यूज तीन होतात, रीच मात्र एकच राहते. आम्हाला माणसांशी मतलब होता.

मग पहिला हिशेब केला. अठ्ठेचाळीस पोस्टची सरासरी रीच सुमारे २१,८०० आली आणि ती खूश झाली. मी तिला कुकरची रील बाजूला काढायला सांगितली. उरलेल्या सत्तेचाळिसांची सरासरी ९,५०० वर आली. एका रीलने वर्षाची सरासरी दुपटीहून जास्त फुगवली होती. म्हणून आम्ही सरासरी सोडून मध्यक घेतला. शाळेत शिकलेला तोच: सगळे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा, इथे मधल्या दोघांची सरासरी. तो आला ८,२००. दिसायला लहान, पण तिच्या कोणत्याही साध्या आठवड्यात खरा ठरणारा.

यानंतर एक चूक झाली आणि ती माझी होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने एक बदल केला होता. तोवर ती एका पोस्टमध्ये एक पदार्थ देई. पण मेसेजमध्ये लोक पाककृती विचारतच नव्हते, “उद्या काय करू” एवढेच विचारत होते. म्हणून तिने जमेल त्या शनिवारी पुढच्या पाच दिवसांच्या डब्यांचे कॅरोसेल सुरू केले. पहिल्या चित्रात आठवड्याचा तक्ता, मग एकेक दिवस, शेवटी बाजाराची यादी. लोक ते सेव्ह करून ठेवू लागले. आम्ही सेव्ह भागिले रीच असे प्रमाण काढले. बदलाआधी १.६ टक्के, नंतरच्या कॅरोसेलचे ६.१ टक्के. जवळपास चौपट! मीच तिला म्हटले, ही ओळ सगळ्यात वर घाल.

रात्री अंथरुणात पडल्यावर लक्षात आले की हे बरोबर नाही. बदलाआधीच्या पोस्टमध्ये बहुतेक रील होत्या. रील अनोळखी लोकांपर्यंत जाते, त्यामुळे खालची संख्या फुगते आणि सेव्हचे प्रमाण पडते. कुकरच्या रीलचेच पाहा: सहा लाखांपर्यंत गेली आणि सेव्ह झाली २,१०० वेळा, म्हणजे ०.३५ टक्के. कॅरोसेल तिच्या ओळखीच्या वाचकांमध्येच जास्त फिरते. आम्ही आंबा आणि चिंच एका तराजूत घालत होतो. एखाद्या जाणकाराने मुलाखतीत हे पकडले असते तर बाकीच्या खऱ्या ओळीही संशयात गेल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी कॅरोसेलची तुलना कॅरोसेलशीच केली. एका पदार्थाची जुनी नऊ कॅरोसेल होती, त्यांच्या सेव्हच्या प्रमाणाचा मध्यक ३.८ टक्के. आठवड्याच्या तक्त्याची चौदा, त्यांचा ६.१ टक्के. चौपटीचा दावा गेला आणि दीडपटीपेक्षा थोडा जास्त उरला. पण आता “कशाशी तुलना केली?” या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होते. नऊ आणि चौदा या संख्या लहान आहेत, हेही आम्ही पोर्टफोलिओत त्याच ओळीत लिहिले.

दुसऱ्याच्या पैशाचे काम

दुसरा प्रसंग नाशिकच्या एका छोट्या मसाला उद्योगाचा. घरगुती गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट. विक्री सगळी व्हॉट्सॲपवर. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी तिला तीन पोस्टचे पैसे दिले. मालकीणबाईंना ‘आमचा मसाला शुद्ध’ असे म्हणून हवे होते. हिने त्यांना समजावले की शुद्ध तर सगळेच म्हणतात. चमचाभर गोड्या मसाल्यावर मंगळवारची आमटी आणि गुरुवारची मसालेभाताची मूद कशी निघते, हे दाखवू. त्यांनी मजकूर एकदा बदलून मागितला, मग मान्य केला. ऑर्डर देताना सांगायचा एक कोड ठरवला.

एकवीस दिवसांत त्या कोडवर चौसष्ट ऑर्डर आल्या. तिने रेझ्युमेत तसेच लिहिले होते. मी विचारले, यातले नवे गिऱ्हाईक किती? जुन्या गिऱ्हाइकानेही सवलतीसाठी कोड सांगितला असेल ना? बाईंनी फोनमधले नंबर पडताळले. एक्केचाळीस नवे निघाले. मग तीही संख्या लिहिली.

पण विक्रीचा आकडा बाईंचा, हिचा नव्हे. त्यांना न विचारता तो दुसऱ्या खाद्यपदार्थ कंपनीपुढे ठेवणे हे याच क्षेत्रातल्या नोकरीसाठी वाईट प्रमाणपत्र ठरले असते. बाईंनी ऑर्डरची संख्या द्यायला होकार दिला, रकमेला नकार. तेवढेच त्यांनी दोन ओळींच्या ईमेलमध्ये लिहून दिले आणि कोणी विचारले तर फोनवर बोलायची तयारीही दाखवली. मला विचाराल तर पूर्ण पोर्टफोलिओत सगळ्यात वजनदार कागद हाच होता. स्क्रीनशॉट कोणीही बनवतो. फोनवर “हो, तिनेच मला मजकूर बदलायला लावला” म्हणणारी बाई बनवता येत नाही.

याच टप्प्यावर एक जुने प्रकरण वर आले. २०२२ मध्ये एका कंपनीने तिला मिक्सर फुकट पाठवला होता आणि तिने त्यावर कौतुकाची पोस्ट टाकली होती. कुठेही ‘जाहिरात’ किंवा ‘भेट मिळाली’ असे लिहिले नव्हते. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे ASCI ची, इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ पासून लागू आहेत, आणि फुकट मिळालेली वस्तूसुद्धा जाहीर करावी लागते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही याची सोपी पुस्तिका काढली. तिला हे तेव्हा माहीत नव्हते.

पोस्ट गुपचूप काढून टाकावी, असा तिचा पहिला विचार होता. आम्ही तसे केले नाही. तिने कॅप्शनच्या पहिल्या ओळीत लिहिले की हा मिक्सर कंपनीने मोफत दिला होता आणि हे आधी सांगायचे राहिले. मग पेजवरच्या सगळ्या जुन्या पोस्ट पाहिल्या. अशा आणखी दोन निघाल्या. जी व्यक्ती उद्या कंपनीच्या वतीने इन्फ्लुएन्सरशी करार करणार, तिच्या स्वतःच्या पेजवर ही भोके असतील तर मुलाखत घेणारा ती दहा मिनिटांत शोधतो. मी तरी शोधते.

चुकलेला दहीभात

तिसऱ्या प्रसंगावर आमचा सगळ्यात जास्त वाद झाला.

मे २०२४, पुण्यात उकाडा. एका मंगळवारी रात्री तिने दहीभाताची रील टाकली आणि म्हटले, सकाळी सातला भरलेला डबा दुपारी दोनपर्यंत आरामात टिकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एका आहारतज्ज्ञ वाचकाने खाली लिहिले की हा सल्ला धोक्याचा आहे: शिजवलेला भात उकाड्यात तासन्‌तास तसाच राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो, आणि त्याचे एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्याखाली भांडण जुंपले. ‘आमच्या आजीने आयुष्यभर खाल्ला’ म्हणणारे एका बाजूला, ‘लोकांच्या जिवाशी खेळता’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला.

हिने जेवणाच्या सुट्टीत ते वाचले. इन्स्टाग्रामवर कॅप्शन बदलता येते, पण एकदा टाकलेल्या रीलमधला व्हिडिओ आणि आवाज नव्याने घालता येत नाही. म्हणजे चुकीचे वाक्य तिच्याच आवाजात तसेच राहणार होते. तिने पावणेदोनच्या सुमारास त्या वाचकाचीच कमेंट वर पिन केली आणि कॅप्शनच्या सुरुवातीला ‘हा सल्ला चुकला आहे, खाली वाचा’ असे लिहिले. संध्याकाळी नवी रील टाकली: भात लवकर थंड करून फ्रिजमध्ये, डब्यात बर्फाची पिशवी, आणि ऑफिसात फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात हा पदार्थ नकोच. वाद घालणाऱ्यांना एकेकट्याला उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी जुनी रील आर्काइव्हमध्ये टाकली.

हे रेझ्युमेत घे, असे मी म्हटल्यावर ती चक्क रागावली. “स्वतःची चूक कोण लिहितं, ताई?” तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. खाद्यपदार्थ कंपनीला अन्नसुरक्षेची चूक दाखवणे जोखमीचेच. पण या नोकरीत सर्वात अवघड काय, तर तक्रार खरी असताना पहिल्या काही तासांत काय बोलायचे. तिने ते केलेले होते आणि कमेंटच्या वेळांसह त्याचा माग उरलेला होता. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. रेझ्युमेत एक तटस्थ ओळ, आणि पूर्ण हकीकत पोर्टफोलिओच्या पाचव्या पानावर.

तिथेही दावा आवरावा लागला. चुकीची रील चौदा हजार खात्यांपर्यंत गेली होती, दुरुस्तीची नऊ हजार दोनशेपर्यंत. ‘६६ टक्के लोकांपर्यंत दुरुस्ती पोहोचवली’ असे लिहायचा मोह होतो. पण हे नऊ हजार त्याच चौदा हजारांपैकी होते का, हे इन्स्टाग्राम सांगत नाही. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि टक्केवारी गाळली.

रेझ्युमे अखेर कसा दिसला

एक पान. विम्याची नोकरी वर आली आणि फुगली, कारण ‘दावा नाकारल्याचे कारण ग्राहकाला सोप्या मराठीत समजावणे’ हे कम्युनिकेशनच आहे आणि ते तिने आधी दोन ओळींत संपवले होते. त्याखाली पेज, ‘स्वतंत्र काम’ या मथळ्याखाली:

‘डब्याच्या पाककृतींचे मराठी इन्स्टाग्राम पेज, २०२० पासून, नोकरीबाहेरच्या वेळात एकटीने. २०२४-२५ मध्ये ४८ पोस्ट. रीचचा मध्यक ८,२००.’

‘वाचकांच्या मेसेजवरून आठवड्याच्या तक्त्याची मालिका सुरू केली, कॅरोसेलमधील सेव्हचे प्रमाण ३.८ वरून ६.१ टक्के.’

‘लघुउद्योगासाठी तीन पोस्टची सशुल्क मोहीम: संदेश, मजकूर, मंजुरी, २१ दिवसांत कोडवर ६४ ऑर्डर, पैकी ४१ नवे ग्राहक (पडताळणी उपलब्ध).’

‘चुकीच्या माहितीवरील तक्रारीनंतर त्याच दिवशी जाहीर दुरुस्ती, तपशील पोर्टफोलिओत.’

फॉलोअर्सचा आकडा कुठेही नाही. ज्याला पाहायचा तो लिंकवर पाहील.

पोर्टफोलिओ सहा पानांची पीडीएफ होती. प्रत्येक स्क्रीनशॉटवर तारीख दिसेल असा घेतला आणि वाचकांची नावे, मेसेज झाकले. ड्राइव्हची लिंक तिने इनकॉग्निटो खिडकीत उघडून पाहिली. पहिल्या प्रयत्नात ती ‘परवानगी मागा’ म्हणत होती, म्हणजे आधीच्या तेवीस अर्जांतली लिंकही बहुधा तशीच गेली असावी. यावर आम्ही दोघी फार बोललो नाही.

निकाल

पुढच्या दोन महिन्यांत तिने अकरा ठिकाणी अर्ज केले, पण या वेळी फक्त खाद्यपदार्थ आणि घरगुती वस्तूंच्या कंपन्यांत. चार फोन, तीन मुलाखती, एक नोकरी. हे केवळ रेझ्युमेमुळे झाले असे म्हणता येणार नाही, कारण अर्जांची निवडही बदलली होती.

एका मुलाखतीत तिला तिथल्या तिथे फोनवर इनसाइट्स उघडून दाखवायला सांगितले. तिने शीटमधला कोणताही क्रमांक निवडा म्हटले. त्यांनी सतरावा निवडला, पोस्ट उघडली, आकडे जुळले. दुसरीकडे तिला सरळ नकार मिळाला: प्रेसनोट लिहिलेली नाही, पत्रकारांशी कधी बोललेली नाही, एजन्सीला ब्रीफ दिलेले नाही. तिन्ही खरे होते आणि पेजमधून त्यातले काहीच सिद्ध होत नव्हते.

जिथे नोकरी मिळाली तिथे त्यांनी एक चाचणी दिली: पाकिटात अळी सापडल्याच्या तक्रारीला जाहीर उत्तर लिहा, वेळ चाळीस मिनिटे. पाचव्या पानावरचा दहीभात वाचूनच ती चाचणी दिली, असे तिला नंतर कळले. पद ज्युनिअर आहे, पगार विमा कंपनीपेक्षा किंचितच जास्त. करारात तिने एक कलम लिहून घेतले: पेज तिचेच राहील, मात्र स्पर्धक कंपनीच्या जाहिराती त्यावर घ्यायच्या नाहीत.

आज पुन्हा करायचे तर

विमा कंपनीच्या नेमणूकपत्रात बाहेरच्या उत्पन्नासाठी लेखी परवानगीची अट होती. मसाल्याचे काम तिने ती न घेताच केले होते. नवऱ्याची धास्ती आम्ही थोडी हसण्यावारी नेली. तेव्हाच नेमणूकपत्र काढून वाचायला हवे होते. राजीनामा देईपर्यंत कोणी विचारले नाही, हे नशीब.

मोठी उणीव मात्र मसाल्याच्या आकड्यात राहिली. एकवीस दिवसांत एक्केचाळीस नवी गिऱ्हाइके आली, पण त्याआधीच्या एकवीस दिवसांत किती येत होती? बाईंनी तशी नोंद ठेवलीच नव्हती. शिवाय दिवाळी नुकतीच सरली होती, त्यामुळे मागणी एरवीसारखी होती की पडलेली, हेही सांगता येत नव्हते. नोकरी मिळालेल्या मुलाखतीत हा प्रश्न आलाच. तिने “माहीत नाही, नोंद नव्हती” असे सांगितले आणि ते चालून गेले, पण ओळीचे वजन तिथे अर्धे झाले.

मध्यंतरी एका लोणच्याच्या छोट्या उद्योगाने मला सल्ला विचारला. मी त्यांना तिने आता बनवलेला साधा तक्ता दिला. त्यात पोस्ट टाकण्याआधीच्या चार आठवड्यांच्या ऑर्डर, रोज, नव्या-जुन्या वेगळ्या. पोस्टसाठी व्हॉट्सॲप उघडणारी wa.me ची वेगळी लिंक, जिच्यात मेसेजचे पहिले वाक्य आधीच लिहिलेले असते, म्हणजे गिऱ्हाईक कोड विसरले तरी ते कुठून आले हे कळते. आणि खाली एक रिकामी ओळ: ‘यातले कोणते आकडे मी बाहेर सांगू शकते?’ त्यावर सही मोहीम सुरू होण्याआधीच घ्यायची.